१२ टक्के फ्लॅट की १४ टक्के रिड्युसिंग? स्कूटरच्या कर्जाचं गणित

माळरान
मंडळी, भाच्याला स्कूटर घ्यायची आहे. रांजणगाव एमआयडीसीत कामाला आहे, रोज शेअर रिक्षाने जाऊन कंटाळलाय. डाऊन पेमेंट तो स्वतः भरतोय, कर्ज लागतंय ६० हजार, दोन वर्षांसाठी. शोरूममधल्या फायनान्सवाल्याने सांगितलं, "१२ टक्के फ्लॅट, हप्ता ३,१००, अर्ध्या तासात मंजूर." मी त्याला माझ्या बँकेत घेऊन गेलो, तिथे १४ टक्के रिड्युसिंग म्हणाले. आता भाचा म्हणतोय, "मामा, १२ कमी की १४ कमी?" मला आतून माहीत आहे की १४ स्वस्त आहे, पण पटवून देता येत नाहीये. त्याने मोबाइलवर हिशोब करून दाखवला: ६० हजाराचे १२ टक्के ७,२००, दोन वर्षांचे १४,४००, एकूण ७४,४००, भागिले २४, बरोब्बर ३,१००. "यात लपवलंय कुठे?" असं विचारतो. कोणी साध्या भाषेत सांगेल का?

बुलेटराजा
भाच्याला सांगा, स्कूटर नको, बुलेट घे. हप्ता बघूनच व्याजाचा विसर पडेल.

निवृत्त_पासबुक
माळरान, भाच्याचा गुणाकार चोख आहे. चूक गुणाकारात नाही, कशाला गुणलं त्यात आहे. त्याने दोन्ही वर्षं ६० हजारालाच गुणलं. पण दोन वर्षं ६० हजार त्याच्याकडे असणार आहेत का? पहिला हप्ता भरला की त्यातले थोडे परत गेले. दुसरा भरला की आणखी थोडे. वर्ष संपेपर्यंत निम्म्याच्या आसपास मुद्दल सावकाराकडे परत पोचलेलं असतं, आणि व्याज मात्र अख्ख्या ६० हजारावर चालूच.

त्याला शेवटच्या महिन्याचा हिशोब विचारा. फ्लॅटच्या कागदावर प्रत्येक हप्त्यात २,५०० मुद्दल आणि ६०० व्याज असतं. तेविसावा हप्ता भरल्यावर त्याच्याकडे कंपनीचे उरले फक्त २,५०० रुपये. ते एक महिना वापरल्याचं भाडं किती? ६०० रुपये. म्हणजे त्या एका महिन्याचा दर झाला २४ टक्के. वर्षाचा नव्हे, महिन्याचा. पहिल्या महिन्यात हाच दर १ टक्का होता. मधले सगळे महिने या दोन टोकांच्या मध्ये पसरलेत.

बँकेच्या १४ टक्क्यांत व्याज त्या त्या महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच लागतं. म्हणून तिथे हप्ता येतो साधारण २,८८१. महिन्याला २१९ रुपये कमी, दोन वर्षांत सव्वापाच हजाराच्या आसपास. त्याला टक्के पटत नसतील तर हे रुपये दाखवा.

माळरान
पासबुककाका, २,५०० वर ६०० हे उदाहरण जबरदस्त. आत्ताच फोन करून सांगितलं. गप्प बसला, मग म्हणाला, "पण मग खरा दर किती?"

दोनदुणे
सोपा नियम सांगतो. फ्लॅटचा दर दुप्पट करायचा. १२ म्हणजे २४. माझे वडील हाच नियम लावायचे, कधी चुकले नाहीत.

खडूफळा
दोनदुणे, वडिलांचा नियम कामाला येतो, पण थोडा जास्त सांगतो. या कर्जात खरा दर २१.५७ टक्के येतो. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये कोणत्याही चौकटीत हे टाका:

```
=RATE(24,-3100,60000)*12
```

२४ हप्ते, प्रत्येक ३,१०० चा (हातातून जातो म्हणून उणे), आणि हाती आलेले ६०,०००. उत्तर महिन्याचं येतं, म्हणून १२ ने गुणायचं. एवढंच. शाळेत मुलांना चक्रवाढ शिकवताना मी दरवर्षी हेच करून दाखवतो, आणि दरवर्षी एकदोन पोरं घरी जाऊन वडिलांच्या गाडीचं कर्ज तपासतात.

सोनेरी
तुम्ही सगळे उगीच घाबरवताय. मी मागच्या वर्षी सोनं ठेवून एक लाख घेतले, १२ टक्क्यांनी. वर्षाने एकदम फेडले, १२ हजार व्याज भरलं. १२ म्हणजे १२ च निघाले. दुप्पट वगैरे काही नाही.

निवृत्त_पासबुक
सोनेरी, तुमच्या बाबतीत १२ म्हणजे १२ च. कारण लाख रुपये पूर्ण वर्षभर तुमच्याकडे होते, मधे एक पैसाही परत दिला नाही. फरक पडतो तो हप्ते सुरू झाल्यावर. एकरकमी फेडीत फ्लॅट आणि रिड्युसिंग यांत घटायला काही नसतंच. हप्ता जितका लवकर आणि जितक्या वेळा, तितका फ्लॅटचा आकडा खोटा पडत जातो.

खडूफळा
काकांच्या म्हणण्याला एक जोड देतो. १२ टक्के फ्लॅटच धरा. तीन महिन्यांच्या कर्जाला खरा दर १८ च्या जवळ येतो. एक वर्षाला साडेएकवीसच्या जवळ. दोन वर्षांना २१.५७, हे साधारण सर्वात वरचं टोक. तीन वर्षांना २१.२, पाच वर्षांना २०.३. म्हणजे मुदत वाढवली की फरक वाढतच जातो असं नाही, दोनेक वर्षांनंतर थोडा उतरतो. म्हणून "दुप्पट" हा नियम मध्यम मुदतीला बरा, टोकाला नाही. पण शोरूममध्ये उभं राहून तोंडी अंदाज करायचा असेल तर दुप्पट नको, पावणेदोनपट धरा.

दोनदुणे
पावणेदोनपट तोंडी करणारा माणूस शोरूममध्ये कर्ज काढायला जातच नाही हो सर.

शंकासूर
मला हा सगळा प्रकार पोकळ वाटतो. टक्के कोण खातं? खिशातून जातात किती रुपये तेवढं बघा. इथे १४,४०० जातात. हे कोणी लपवलेलं नाही, फायनान्सवाल्याने तोंडावर सांगितलंय. तुम्ही त्याला १२ म्हणा, २१ म्हणा, ४० म्हणा, १४,४०० चे १४,५०० होणार नाहीत.

निवृत्त_पासबुक
शंकासूर, तुमचं म्हणणं एका अटीवर खरं आहे. दोन्ही कर्जांची रक्कम आणि मुदत सारखीच असेल तर रुपयांची तुलना पुरते, टक्क्यांची गरज नाही. पण शोरूमवाला असं सारखं कधी ठेवतो? तो १२ महिन्यांचा पर्याय देईल, त्यात व्याज फक्त ७,२००. तुम्हाला वाटेल अर्ध्यात मिळालं. दर तोच आहे. किंवा ३६ महिन्यांचा देईल, हप्ता २,२६७, खिशाला हलका. तिथे व्याज २१,६००. तिन्ही कर्जं जवळजवळ एकाच भावाची आहेत, पण रुपये बघितले तर एक स्वस्त आणि एक महाग वाटतं. किलोचा भाव न विचारता फक्त पिशवी बघून भाजी घेतल्यासारखं आहे ते.

शंकासूर
ठीक आहे. पण मग भाच्याच्या प्रश्नात तरी रक्कम आणि मुदत सारखीच होती, म्हणजे मी बरोबर.

निवृत्त_पासबुक
त्या प्रश्नापुरते, हो.

अनुराधा_वाई
माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते. आमच्या बचतगटात आम्ही शेकडा दोन घेतो. महिन्याला शंभराला दोन रुपये. बाहेरचे लोक नावं ठेवतात, "वर्षाला २४ टक्के! बायका सावकारी करतात." हा धागा वाचून आज मुलाला बसवून हिशोब करायला लावला. आमच्याकडे ६० हजार कोणी घेतले आणि महिन्याला २,५०० मुद्दल फेडलं, तर पुढच्या महिन्याचं व्याज उरलेल्या मुद्दलावर. पहिल्या महिन्याला १,२०० व्याज, शेवटच्या महिन्याला फक्त ५०. दोन वर्षांचं एकूण व्याज १५,०००.

आणि शोरूमच्या "१२ टक्क्यां"चं व्याज १४,४००! जेमतेम ६०० रुपयांचा फरक. एकाला सावकारी म्हणतात, दुसऱ्याच्या जाहिरातीत हिरोईन असते. शिवाय आमच्याकडचं व्याज गटातच राहतं, वर्षाअखेर आम्हीच वाटून घेतो.

खडूफळा
अनुराधाताई, तुमच्या उदाहरणाने दोनदुण्यांच्या वडिलांचा नियम कुठून आला ते कळलं! तुमच्यासारखं दर महिन्याला सारखं मुद्दल फेडलं, तर १२ फ्लॅट म्हणजे २३.०४ टक्के येतात, जवळजवळ दुप्पट. जुन्या पद्धतीत लोक असंच फेडायचे. ईएमआयमध्ये मात्र हप्ता सारखा असतो, सुरुवातीला त्यात व्याज जास्त आणि मुद्दल कमी जातं, म्हणून मुद्दल जरा सावकाश घटतं. ईएमआयमध्ये माणूस जास्त काळ जास्त पैसे वापरतो, तेवढ्याच व्याजावर, म्हणून दर थोडा खाली, २१.५७.

दोनदुणे
बघा! बाबा बरोबर होते. फक्त ईएमआय तेव्हा नव्हता.

डीलरमित्र
मी सात-आठ वर्षं एका शोरूमच्या फायनान्स टेबलवर बसलोय, त्यामुळे दुसरी बाजू लिहितो. शिव्या घालायला हरकत नाही, पण आधी वाचा.

पहिली गोष्ट, ग्राहक टक्के विचारतच नाही. दहातले नऊ जण विचारतात, "हप्ता किती बसेल?" फ्लॅट यासाठी चालतो की कॅल्क्युलेटरवर ग्राहकासमोर दोन बटणांत हप्ता काढता येतो, आणि तो स्वतःही तपासू शकतो, जसा माळरानच्या भाच्याने तपासला. रिड्युसिंगचा हप्ता तोंडी कोण काढणार?

दुसरी, बँकेचे १४ टक्के कोणासाठी? पे-स्लिप, फॉर्म १६, सिबिल चांगला. ठेकेदाराकडे असलेल्या पोराला बँक दारात उभं करत नाही. आम्ही त्याला उभं करतो, आणि बुडीत गेलेल्या गाड्या शोधायला माणसं पाठवतो. तो खर्च कुठून निघणार?

तिसरी, आता रिझर्व्ह बँकेने फ्लॅट बंदच केलाय, केएफएस म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक द्यावं लागतं. त्यामुळे ही चर्चा जुनी झाली.

निवृत्त_पासबुक
डीलरमित्र, पहिल्या दोन मुद्द्यांत दम आहे. जोखीम जास्त तर दर जास्त, हे मला मान्य. माझा आक्षेप दर जास्त असण्याला नाही, २१ ला १२ म्हणण्याला आहे.

तिसरं मात्र अर्धंच बरोबर आहे. १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने बँकांना आणि वित्त कंपन्यांना १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी केएफएस बंधनकारक केलं. त्यात एपीआर म्हणजे सगळे खर्च धरून वर्षाचा दर छापायचा, तो कसा काढला त्याचा तक्ता द्यायचा, हप्त्यांचं वेळापत्रक द्यायचं, आणि हे कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं. केएफएसमध्ये न लिहिलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय वसूल करता येत नाही. पण त्या परिपत्रकाने "१२ टक्के फ्लॅट" तोंडाने म्हणायला बंदी घातलेली नाही. टेबलवर १२ म्हणायचं आणि चौथ्या पानावर २७ छापायचं, हे अजून चालतं.

माळरान
२७? २१.५७ चे २७ कसे झाले?

निवृत्त_पासबुक
आत्तापर्यंत आपण फक्त व्याज बघितलं. भाच्याला हातात ६० हजार मिळणार आहेत का? कोटेशन पुन्हा बघ. प्रोसेसिंग फी, डॉक्युमेंट चार्जेस, कर्जावरचा विमा असं काही असेल. सगळं मिळून किती?

माळरान
थांबा, व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो. ... हो आहे. प्रोसेसिंग १,५००, कागदपत्रं ६००, "लोन प्रोटेक्ट" विमा ९००. तीन हजार कर्जातूनच कापणार. आणि खाली लिहिलंय, "पहिला हप्ता आगाऊ".

निवृत्त_पासबुक
मग हाती आले ५७,०००, आणि फेड मात्र ६० हजारावरची. खडूफळांच्या सूत्रात ६०,००० च्या जागी ५७,००० घाल.

```
=RATE(24,-3100,57000)*12
```

उत्तर २७ टक्के. तीन हजार म्हणजे कर्जाच्या ५ टक्के, ऐकायला किरकोळ. पण ते पाच टक्के दोन वर्षांसाठी नसतात, सरासरी जेमतेम वर्षभर वापरलेल्या पैशावर असतात, म्हणून वार्षिक दर जवळजवळ साडेपाच टक्क्यांनी उडी मारतो. कर्ज लहान असेल आणि फी ठोक असेल तर हाच भाग सगळ्यात जास्त डसतो. पाच लाखांच्या कर्जात तीन हजार फी जाणवतही नाही.

आता आगाऊ हप्ता. गाडी घ्यायच्या दिवशीच ३,१०० परत घेतले तर प्रत्यक्षात कर्ज झालं ५३,९००, आणि उरले २३ हप्ते.

```
=RATE(23,-3100,53900)*12
```

साडे एकोणतीसच्या वर. भाच्याला सांग, आपण १२ वरून निघून ३० च्या उंबरठ्यावर आलोय, आणि वाटेत एकही आकडा खोटा नव्हता.

बुलेटराजा
काका, तुम्ही १२ टक्क्यांवर एवढं लिहिलंत, मी आता ३० टक्क्यांच्या बुलेटला घाबरायला लागलोय.

अटलांटिकपार
इथे अमेरिकेत १९६८ च्या ट्रुथ इन लेंडिंग कायद्यापासून एपीआर छापणं सक्तीचं आहे. गाडीच्या कर्जाच्या कागदावर तो चौकटीत ठळक असतो. तरीही न्यू जर्सीतल्या डीलरकडे मलाही पहिला प्रश्न हाच आला, "महिन्याला किती देऊ शकाल?" चौकट छापली म्हणून विक्रेत्याचा प्रश्न बदलत नाही. पण भांडायला कागद हाती असतो, एवढा फरक नक्की.

शंकासूर
एक शंका, नावाला जागून. विमा ९०० रुपयांचा आहे. तो कर्जाचा खर्च कसा? मेला तर घरच्यांना हप्ते भरावे लागणार नाहीत, त्याचे पैसे आहेत ते. मी तो व्याजात धरणार नाही.

डीलरमित्र
शंकासूर बरोबर बोलतायत. शिवाय तो ऐच्छिक असतो.

अनुराधा_वाई
ऐच्छिक? माझ्या भावजयीच्या वेळी "विमा नको" म्हटलं तर "मग सिस्टीम पुढे जात नाही" असं ऐकवलं होतं. कुठली कंपनी ते सांगत नाही, पण ऐच्छिक शब्दाचा अर्थ तिथे कळला.

निवृत्त_पासबुक
कर्ज देणाऱ्याने तिसऱ्या कंपनीच्या वतीने घेतलेले आकार, विमा आणि कायदेशीर खर्च धरून, एपीआरमध्ये मोजायचेत. म्हणजे त्याने कापला तर तो दरात येतो. पण शोरूमने वेगळ्या पावतीवर घेतला तर? तिथे पळवाट राहते, आणि मला अजून एकही साफ उत्तर मिळालेलं नाही. शंकासूरचा मूळ प्रश्नही फालतू नाही. मला स्वतःला वाटतं की तोच विमा बाहेर मुदत विम्याच्या भावात मिळत असेल तर जास्तीची रक्कम कर्जाचा खर्च धरावी. इतरांचं मत वेगळं असू शकतं.

पतपेढीवाले_नाना
या सगळ्यात आमच्या पतसंस्थांचं काय? आम्ही रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाही, सहकार खात्याच्या निबंधकाखाली येतो. ते परिपत्रक बँकांना आणि वित्त कंपन्यांना आहे, पतसंस्थेला नाही. माझ्या माहितीतल्या बऱ्याच पगारदार पतसंस्था शिलकी मुद्दलावरच व्याज घेतात, पण सगळ्याच घेतात असं समजू नका. पतसंस्थेत जाताना एकच कागद मागा: महिन्यानुसार मुद्दल, व्याज, शिल्लक असा तक्ता. व्याजाचा रकाना प्रत्येक महिन्याला खाली उतरत असेल तर रिड्युसिंग. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आकडा असेल तर फ्लॅट. सूत्र नको, एक्सेल नको.

खडूफळा
नाना, हे सगळ्यात कामाचं. फक्त एक सावधगिरी. फ्लॅटवर विकलेल्या कर्जाचा तक्ताही आजकाल उतरत्या व्याजाचा छापतात, २१.५७ धरून. भाच्याच्या कर्जात पहिल्या महिन्याचं व्याज १,०७९ दिसेल आणि शेवटच्याचं ५५. म्हणजे तोंडी दर फ्लॅट, तक्ता रिड्युसिंग. त्यामुळे पहिल्या महिन्याचं व्याज घ्या, १२ ने गुणा, कर्जाने भागा. १,०७९ गुणिले १२ भागिले ६०,०००, तेच २१.५८. तुम्हाला सांगितलेला १२ आला नाही, की समजायचं.

माळरान
हे मी करून बघितलं, जमलं. पण आता दुसरा घोळ. भाचा म्हणतोय, वर्षभरात दिवाळीचा बोनस आणि ओव्हरटाइम धरून एकदम फेडून टाकीन, तेव्हा ३० हजार उरलेले असतील. ६० चे अर्धे. मग महाग असलं तरी एकच वर्ष.

निवृत्त_पासबुक
तो फ्लॅटच्या मनाने विचार करतोय, कंपनी मात्र फेडताना रिड्युसिंगच्या हिशोबाने बसेल. बारा हप्ते भरल्यावर शिल्लक मुद्दल असेल ३३,१९५ च्या आसपास, ३० हजार नाही. त्याने ३७,२०० भरलेले असतील, त्यातले १०,४०० च्या जवळपास व्याजात गेलेले. म्हणजे एकूण १४,४०० पैकी ७२ टक्के व्याज पहिल्याच वर्षात घेऊन झालेलं. यात कंपनी लबाडी करत नाही. सुरुवातीला जास्त पैसे वापरले म्हणून जास्त व्याज, हेच बरोबर आहे. फसगत होते ती दर महिन्याला ६०० हा आकडा डोक्यात बसल्यामुळे.

वर फोरक्लोजर चार्ज वेगळा. दुचाकीचं कर्ज बहुतेक स्थिर दराचं असतं. मुदतपूर्व फेडीच्या आकारावर जी सूट रिझर्व्ह बँकेने व्यक्तींना दिली, ती बदलत्या दराच्या कर्जांना आहे. तेव्हा केएफएसमध्ये तो आकार किती टक्के लिहिलाय ते आधी वाचायचं. आणि तीन हजार फी तर आधीच गेलेली, ती एका वर्षावर पसरली की खरा दर आणखी वर जातो.

दोनदुणे
म्हणजे लवकर फेडणं तोट्याचं?

निवृत्त_पासबुक
नाही, असं म्हणालो नाही. वर्षाने फेडून उरलेलं चार हजारांच्या आसपासचं व्याज वाचतं. त्यातून फोरक्लोजर चार्ज वजा करा. उरलं काही तर फेडा. ३३ हजारावर चार टक्के चार्ज आणि जीएसटी धरला तरी दीड हजाराच्या आसपास जातात, म्हणजे फायदा राहतो. फक्त त्याला वाटतोय तेवढा नाही.

बुलेटराजा
कोणी सांगेल का, मोबाइलवर "शून्य टक्के हप्ता" असतो त्याचं काय? तिथे शून्याला पावणेदोनने गुणलं तरी शून्यच.

डीलरमित्र
तिथे व्याज किमतीत लपतं. रोखीने घेतल्यावर मिळणारी सूट हप्त्यावर मिळत नाही, तीच तुमची व्याजाची रक्कम. वर प्रोसेसिंग फी असते. सूत्र तेच: रोख भाव हा हाती आलेला पैसा धरा आणि हप्ते मोजा.

निवृत्त_पासबुक
बरोबर. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के योजनांवर बँकांचे कान उपटले होते, याच कारणासाठी. पण तो वेगळा धागा होईल.

माळरान
शेवटचं कळवतो. बँकेने भाच्याला नकार दिला. ठेकेदाराकडची नोकरी, पगार खात्यात सहाच महिने. डीलरमित्र, तुमचा दुसरा मुद्दा खरा ठरला. नानांचं ऐकून कंपनीच्या पतसंस्थेत विचारलं, तिथे सभासद व्हायलाच कायम नोकरी लागते.

मग शोरूममध्येच गेलो, पण केएफएस आधी द्या म्हणून अडून बसलो. दिलं, मराठीत नाही, इंग्रजीत. मराठी मागितलं तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यात एपीआर २७ च्या घरातला छापलेला होता, काकांनी काढला तोच. भाचा तो कागद बघून म्हणाला, "हा तर सावकार निघाला." फायनान्सवाला म्हणाला, "सगळ्यांचं असंच असतं." आम्ही म्हणालो, तीन कामाचे दिवस आहेत ना उत्तर द्यायला, मग येतो. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन. विमा वगळला, आगाऊ हप्ताही वगळला. फी कमी केली नाही. आता हाती ५७,९०० येतात.

खडूफळा
```
=RATE(24,-3100,57900)*12
```
२५.३ टक्के. आगाऊ हप्त्यासकट साडे एकोणतीस होता, त्यावरून चार टक्के खाली आलात. आणि तोंडी दर अजून "१२ फ्लॅट"च असेल.

माळरान
हो, पावतीच्या मागे पेनने तेच लिहून दिलंय.

शंकासूर
विमा वगळलात ते चुकलं असं माझं मत आहे. नोंद करून ठेवतो.

अनुराधा_वाई
माळरानदादा, भाच्याच्या आईला बचतगटात घाला. पुढची गाडी शेकडा दोनने.

नवा_सभासद_४४
नमस्कार, ट्रॅक्टरचं कर्ज आहे, हप्ते सहा महिन्यांनी, ऊस गेल्यावर. ९ टक्के फ्लॅट सांगितलंय, पाच वर्षं, म्हणजे दहा हप्ते. वरचं सूत्र चालेल का?

खडूफळा
चालेल. २४ च्या जागी १० घाला, हप्ता सहामाहीचा घाला, आणि शेवटी १२ ने नाही, २ ने गुणा. रक्कम आणि हप्ता इथे टाका, बघू.